गाडीचा खरा हिशेब आणि सुताचे रोख पैसे

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत हिशेबाला पक्की माणसे पुष्कळ आहेत. सुताचा भाव किलोमागे दोन रुपयांनी चढला तर मीटरमागे कापड कितीने महाग पडेल, हे मालेगावचा यंत्रमागधारक बोटांवर सांगतो. लाकडाच्या घनफुटावर किती तूट धरायची हे फर्निचरवाल्याला विचारावे लागत नाही. परंतु हाच माणूस दारात मोटार उभी करतो तेव्हा त्याचा हिशेब एका प्रश्नावर येऊन थांबतो: "अ‍ॅव्हरेज किती देते?" पेट्रोल किती जळते एवढेच तो मोजतो. आमचे मत असे आहे की पेट्रोल हा मोटारीच्या खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा आहे. उरलेले दोन हिस्से कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत आणि तेच धंद्याचे भांडवल खातात.

हे आम्ही एका उदाहरणाने मांडतो. उदाहरण कल्पित आहे. त्यातील रकमा बाजाराच्या आसपासच्या, पण सोयीसाठी सरळ केलेल्या आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

समजा, मालेगावात २४ मागांचा एक कारखानदार आहे. दरमहा सव्वाचार लाख रुपयांचे सूत घेतो आणि ते दोन महिन्यांच्या उधारीवर घेतो. कामानिमित्त नाशिक, धुळे, कधी भिवंडी, शिवाय घरच्या लग्नकार्याचा प्रवास मिळून वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणे होते. हातात काही रक्कम जमली आहे आणि मोटार घ्यायची आहे. त्याच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक, नवी कोरी, उंच बांध्याची मोठी पेट्रोल गाडी. दुसरी, पाच वर्षे वापरलेली लहान हॅचबॅक.

प्रथम नव्या गाडीचा हिशेब घेऊ. शोरूमची किंमत ११ लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी रस्ता कर १२ टक्के बसतो, म्हणजे १ लाख ३२ हजार. नोंदणी, नंबर प्लेट, सीट कव्हर वगैरे १८ हजार. एकूण साडेबारा लाख. विमा आम्ही वेगळा धरला आहे.

ही गाडी पाच वर्षांनी विकली तर काय येईल? येथेच सर्वांत मोठा खर्च लपलेला असतो. त्याला घसारा म्हणतात. घसाऱ्याचे बिल कोणी पाठवत नाही, त्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून तो खर्च वाटतच नाही. परंतु विमा कंपन्या तो बरोबर मोजतात. गाडीची विमा रक्कम, जिला आयडीव्ही म्हणतात, ती ठरविण्याचा एक तक्ता आपल्याकडे प्रचलित आहे. त्यानुसार गाडी सहा महिन्यांची झाली की किमतीतून ५ टक्के कमी, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के कमी धरतात. बाजारभाव मॉडेलनुसार याहून थोडा वरखाली असतो, पण अंदाजासाठी हा तक्ता चांगला आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा घसारा शोरूमच्या किमतीवर आहे. भरलेला रस्ता कर पुढचा गिऱ्हाईक क्वचितच मोजून देतो.

म्हणजे साडेबारा लाखांची गाडी पाच वर्षांनी साडेपाच लाखांना जाईल. सात लाख रुपये गेले. ते कोठे चोरीस गेले नाहीत, अपघातात गेले नाहीत. दारात उभ्या उभ्या गेले.

आता बाकीचे खर्च. विमा सरासरी वर्षाला ३४ हजार धरला तर पाच वर्षांत १ लाख ७० हजार. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर चालते असे धरू. वर्षाला ८०० लिटर, ८४ हजार रुपये. पाच वर्षांचे ४ लाख २० हजार. सर्व्हिसिंग, एक टायरचा संच, एक बॅटरी धरून वर्षाला सरासरी २२ हजार, म्हणजे १ लाख १० हजार. टोल आणि पार्किंग दोन्ही गाड्यांना सारखेच, म्हणून ते सोडून देऊ.

बेरीज होते १४ लाख. वर्षाला २ लाख ८० हजार. किलोमीटरला २८ रुपये. यात पेट्रोल फक्त ८ रुपये ४० पैसे आहे. "नाशिकला जाऊन येण्यात दोन हजारांचे पेट्रोल लागले" असे जो म्हणतो त्याच्या गाडीने खरे तर त्याच्या तिपटीहून जास्त रक्कम खाल्लेली असते.

आता जुनी हॅचबॅक. किंमत ३ लाख ६० हजार. नावावर करून घेणे, टायर, बॅटरी, पट्टे बदलणे यासाठी सुरुवातीसच ४० हजार बाजूला ठेवू. एकूण चार लाख. पाच वर्षांनी, गाडी दहा वर्षांची झाल्यावर, १ लाख ६० हजार येतील असे धरू. घसारा २ लाख ४० हजार. विमा वर्षाला ९ हजार, म्हणजे ४५ हजार. पेट्रोल लिटरला साडेसतरा किलोमीटर धरले तर वर्षाला ६० हजार, पाच वर्षांचे ३ लाख. दुरुस्तीत मात्र हात आखडता घेऊ नये. जुनी गाडी नव्यापेक्षा जास्त दुरुस्ती मागते. म्हणून वर्षाला ३२ हजार, पाच वर्षांचे १ लाख ६० हजार.

बेरीज ७ लाख ४५ हजार. किलोमीटरला १४ रुपये ९० पैसे. दुरुस्ती दीडपट धरूनही एकूण खर्च निम्म्याजवळ आला. "जुनी गाडी म्हणजे गॅरेजची भर" असे जे बोलले जाते त्यात सत्य एवढेच की दुरुस्तीचे बिल डोळ्यांना दिसते आणि घसाऱ्याचे दिसत नाही. पाच वर्षांतील फरक ६ लाख ५५ हजार रुपयांचा आहे.

येथपर्यंतचा हिशेब खर्चाचा झाला. व्यापाऱ्यासाठी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे. फरकाची मोठी रक्कम पाच वर्षांनी नव्हे, पहिल्याच दिवशी हातात राहते. साडेबारा लाखांऐवजी चार लाख गेले, साडेआठ लाख शिल्लक राहिले. त्यांचे काय करावे?

पुष्कळ लोक गुंतवणूक म्हटले की प्लॉट, सोने किंवा कोणाच्या तरी नव्या स्कीमचा विचार करतात. बँकेच्या मुदत ठेवीचा मार्ग व्याजामुळे आपल्याला बंद आहे. परंतु आपल्या कारखानदाराला बाहेर कोठे जाण्याची गरजच नाही. त्याच्या धंद्यातच साडेआठ लाखांचे भोक आहे. दरमहा सव्वाचार लाखांचे सूत, दोन महिन्यांची उधारी, म्हणजे सूतवाल्याचे साडेआठ लाख कायम त्याच्या अंगावर असतात. ही उधारी फुकट नसते. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो हे बाजारातील प्रत्येकाला ठाऊक आहे. समजा, रोखीत सूत २ टक्के स्वस्त मिळते. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटते. परंतु ते दर महिन्याच्या खरेदीवर आहे. सव्वाचार लाखांवर महिन्याला साडेआठ हजार, वर्षाला १ लाख २ हजार. साडेआठ लाखांवर १२ टक्के झाले. यासाठी नवे गिऱ्हाईक शोधायचे नाही, नवा माग घ्यायचा नाही, कोणाच्या भागीदारीवर विसंबायचे नाही. शिवाय रोख गिऱ्हाईक चार दुकानांत भाव करू शकतो, निकृष्ट सूत परत करू शकतो. उधारीवाल्याला देईल ते घ्यावे लागते.

आता जकातीचा मुद्दा, कारण तो टाळून केलेला हिशेब अपुरा राहील. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर जकात नाही. धंद्याच्या मालावर आणि रोकडीवर अडीच टक्के आहे. हनफी मसलकानुसार जकात काढताना व्यापारी आपल्या डोक्यावरचे देणे मालातून वजा करतो. आपल्या कारखानदाराचे सूतवाल्याचे साडेआठ लाखांचे देणे फिटले की तेवढी वजावट गेली आणि त्याची जकात वर्षाला २१ हजार २५० रुपयांनी वाढली. म्हणजे १ लाख २ हजारांपैकी ८० हजार ७५० त्याच्याकडे राहिले. आम्ही हे तोटा म्हणून लिहीत नाही. जो पैसा धंद्यात फिरतो त्यातून गरिबाचा हक्क निघतो. जो पैसा मोटारीच्या पत्र्यात अडकतो त्यातून तो निघत नाही. काही मंडळी मोठ्या गाडीचे समर्थन "त्यावर जकात नाही" असे करतात. ते हे विसरतात की अडीच टक्के वाचवण्यासाठी ते वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक घसारा भरत आहेत. ज्यांचे देणे-घेणे गुंतागुंतीचे आहे त्यांनी जकातीचा हिशेब आपल्या आलिमांकडून तपासून घ्यावा.

जकात जाऊन पाच वर्षांत ४ लाख ३ हजार ७५० रुपये झाले. त्यात खर्चातील ६ लाख ५५ हजारांचा फरक मिळवा. १० लाख ५८ हजार ७५० रुपये होतात. दोन गाड्यांमधील खरे अंतर हे आहे. दोन्ही गाड्या नाशिकला नेतात आणि परत आणतात.

आम्ही दोन्ही गाड्या रोखीने घेतल्या असे धरले. प्रत्यक्षात मोठी गाडी बहुधा कर्जाने येते. व्याज हराम आहे हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांना "अडचण होती" असे म्हणायचे आहे त्यांच्यासाठी केवळ आकडा देतो. ९ लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के दर, पाच वर्षांची मुदत, तर महिन्याचा हप्ता सुमारे १८ हजार ९०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ३४ हजार. हे वरच्या १४ लाखांत धरलेले नाही. लहान गाडी रोखीने घेता येते, हा तिचा दीनी आणि व्यवहारी असा दुहेरी फायदा आहे.

आता या हिशेबाच्या मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली मर्यादा अशी की वाचलेला पैसा आपोआप गुंतत नाही. साडेआठ लाख घरात राहिले तर वर्षभरात घराला रंग, एखादा मोबाइल, वलीम्यात दोन पदार्थ जास्त, अशा वाटांनी ते निघून जातात. म्हणून गाडीचा सौदा होईल त्याच आठवड्यात सूतवाल्याचे देणे फेडावे आणि पुढची खरेदी रोखीने सुरू करावी. गाडीच्या दुरुस्तीसाठी मात्र महिन्याला अडीच-तीन हजार वेगळे काढून ठेवावेत. नाहीतर इंजिनचे काम निघाले की पुन्हा सुताच्या पैशाला हात लागतो आणि उधारी सुरू होते.

दुसरी मर्यादा, जुनी गाडी निवडण्यात फसगत होऊ शकते. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा आणि गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर तेथेच सावध व्हावे. चालू करताच एक्झॉस्टमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधी, चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता धरावी. टायर एका बाजूने जास्त झिजला असेल तर चाकांची जुळणी किंवा चासी बिघडलेली असू शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. मुळाशी वाळलेला चिखल किंवा डाग दिसला तर गाडी पुरात बुडालेली समजावी आणि कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा. चाळीस हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीचे ब्रेक-पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल तर आकडा मागे फिरवलेला असण्याचा संशय धरावा.

कागदपत्रांत तीन गोष्टी पाहाव्यात. आरसी बुकवर फायनान्स कंपनीचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुने चलन बाकी आहे काय हे तपासावे. आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या करून गाडी लगेच नावावर करून घ्यावी. विम्याचे हस्तांतरण १४ दिवसांच्या आत मागावे. पहिल्या मालकाची नो क्लेम बोनसची सवलत गाडीबरोबर येत नाही, ती त्याच्याकडेच राहते. म्हणून विम्याचा हप्ता त्याने सांगितल्यापेक्षा जास्त येईल हे गृहीत धरावे. तृतीय पक्ष विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो चुकवून हिशेब हलका करू नये.

तिसरी मर्यादा सुरक्षेची आहे. एअरबॅग आणि एबीएस ब्रेक नसलेली फार जुनी गाडी केवळ स्वस्त म्हणून घेणे आम्हास मान्य नाही. घरची माणसे त्यात बसणार असतात. चार-पाच वर्षांची गाडी आम्ही उदाहरणात घेतली ती यासाठीच. दुसरे कारण असे की खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. दहा वर्षांची होऊन विकताना पुढच्या गिऱ्हाइकाला अजून पाच वर्षे मिळतात, म्हणून तिला किंमत येते.

चौथी, नवी लहान गाडीही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी २८ टक्के आणि वरचा सेस जाऊन १८ टक्के झाला. त्यामुळे नवी लहान गाडी स्वस्त झाली आणि जुनीचा भावही त्या प्रमाणात खाली यायला हवा. विकणारा जुन्या भावाला चिकटून असेल आणि त्याच मॉडेलच्या नव्या व जुन्या गाडीतील अंतर फार थोडे राहत असेल, तर जुनी घेण्यात अर्थ नाही.

पाचवी, वर्षाला १०,००० ऐवजी ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या खर्चात इंधनाचा हिस्सा मोठा होतो आणि सीएनजीची नवी गाडी त्याला परवडू शकते. तसेच जी गाडी माल वाहते, भाडे मिळवते, ती भांडवलच आहे. तिला वरचा हिशेब लागू करू नये. परंतु बहुतेक बांधव "धंद्याला लागते" म्हणून जी मोठी गाडी घेतात तिच्यात सुताची एक गोणीही कधी चढत नाही. माल टेम्पोनेच येतो.

"कुटुंब मोठे आहे, लग्नाला सात माणसे जायची असतात" हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. तो रास्त आहे. वर्षातून दहा वेळा मोठी गाडी भाड्याने आणावी. फेरीला चार हजार धरले तरी ४० हजार होतात. दहा दिवसांच्या सोयीसाठी ३६५ दिवस मोठी गाडी पोसू नये.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. मोठी गाडी पाहून सूतवाला उधारी वाढवून देतो असे काहींचे म्हणणे आहे. असेलही. पण उधारी वाढवून मिळणे म्हणजे दोन टक्के महाग सूत वाढवून मिळणे. सूतवाल्याच्या पेढीवर खरी पत ज्याचे खाते रोखीचे आहे त्याची असते, आणि भाव उतरला की पहिला निरोप त्यालाच जातो.

वाचक बंधूंनी एवढेच करावे. एका कागदावर आपल्या गाडीची आजची विक्री किंमत, घेतलेली किंमत, विमा, इंधन, दुरुस्ती आणि किलोमीटर लिहावेत आणि भागाकार करावा. त्याच कागदाच्या मागे आपण उधारीवर घेत असलेल्या मालाचा रोख भाव लिहावा. पुढची गाडी कोणती घ्यायची, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवावे.